मयत, मरहूम आणि पैगंबरवासी : वऱ्हाडातील सांत्वनाच्या चार ओळी

#धागा

निवृत्त शिक्षक दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो. तो गेल्यावर त्याची मुले तलाठ्याकडे जातात, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘मयत’ व मुलांच्या नावापुढे ‘वारस’ असे लिहिले जाते. हयात, मयत, वारस हे तिन्ही शब्द मूळचे अरबी. बहमनी, इमादशाही, मोगल आणि निजामी अशा एकामागून एक आलेल्या राजवटींचे दफ्तर फार्सीत चालले आणि त्या दफ्तरातून हे शब्द मराठी कुणब्याच्या तोंडी रुळले. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, पुढे राज्ये बदलली. शब्द मात्र तसेच राहिले. आज अकोल्याच्या तहसील कार्यालयात ‘मयत’ म्हणताना आपण अरबी बोलतो आहोत असे कोणाच्या मनातही येत नाही.

मात्र मराठीने या भाषेतून मृत्यूची नोंद घेतली, मृत्यूनंतरची प्रार्थना घेतली नाही. ‘मयत’ म्हणजे मेलेला. त्या शब्दात ना दुःख आहे ना आशा. त्याच घरातला दुसरा शब्द आहे ‘मरहूम’. र-ह-म या धातूवरून तो बनला. ‘रहम’, ‘रहमान’, ‘रहीम’ ही त्याचीच भावंडे. मरहूम म्हणजे ज्याच्यावर दया झाली तो. उर्दू बोलणारा माणूस गेलेल्या वडिलांचा उल्लेख करताना हा शब्द उच्चारतो तेव्हा त्यात प्रार्थना आपोआप येते. जुन्या बायका तर बोलता बोलता मध्येच थांबतात : “अब्बा, अल्ला बख्शे, असं म्हणायचे…” त्या दोन शब्दांपुरते वाक्य अडते आणि मग पुढे सरकते.

वऱ्हाडात मराठी आणि उर्दू एकाच गल्लीत नांदतात. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. १४९० ते १५७४ या काळात वऱ्हाड हे स्वतंत्र राज्य होते. अकोला जिल्ह्यातील बाळापूरला नक्शबंदी सूफींची जुनी खानकाह आहे. शाळा, कचेरी, बाजार आणि एस.टी. यांमुळे दोन्ही भाषांची माणसे रोज एकमेकांना भेटतात आणि अर्थातच एकमेकांच्या मयताला जातात. अडचण येते ती लिहिताना. समोरासमोर असताना हात हातात घेतला की पुरते. दूरवरून चार ओळी पाठवायच्या झाल्या की मराठी माणूस थबकतो. काय लिहावे, काय लिहू नये, आपले ‘आत्म्यास शांती लाभो’ तिथे चालेल का?

उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पू. अकोल्यातील एका मराठी शिक्षकाने वीस वर्षे ज्या सहकाऱ्यासोबत शाळेत काढली तो निवृत्तीनंतर अमरावतीला मुलाकडे राहू लागला. एका सकाळी फोनवर निरोप येतो : सहकाऱ्याच्या वृद्ध आईचे रात्री निधन झाले, जोहरच्या नमाजानंतर जनाजा आहे. मुस्लिम रिवाजात दफन शक्यतो त्याच दिवशी उरकतात. शंभरेक किलोमीटर जाईपर्यंत माती दिलेली असणार. शिक्षकाचे पाय दुखतात, म्हणून तो आज निघू शकत नाही. आधी संदेश जायला हवा, आणि तो त्या घराच्या भाषेत जावा असे त्याला वाटते. त्या बाईंच्या हातचा शिरखुर्मा त्याने वीस ईदींना खाल्ला आहे.

तो लिहायला बसतो आणि पहिल्यांदा हात जातो तो ‘पैगंबरवासी’ या शब्दाकडे.

हा शब्द मराठीचा खास आहे. उर्दूत तो नाही, अरबीत असण्याचा प्रश्नच नाही. हिंदू माणूस गेला की त्याच्या नावामागे ‘कै.’ लागते, वारकरी असेल तर ‘वै.’; त्याच चालीवर मराठी वर्तमानपत्रांनी आणि निमंत्रणपत्रिकांनी मुसलमानासाठी ‘पै.’ आणि ख्रिस्ती माणसासाठी ‘ख्रिस्तवासी’ घडवले. कैलासात राहायला गेला तो कैलासवासी, वैकुंठात गेला तो वैकुंठवासी. त्या ओळीत तिसरा कोण बसवायचा, तर पैगंबरांच्या सन्निध गेला तो पैगंबरवासी. शब्द बनवणाऱ्याचा हेतू आदराचा होता यात शंका नाही. वऱ्हाडातील कित्येक मुस्लिम कुटुंबेही मराठी पत्रिकेत स्वतःहून ‘पै.’ छापतात, कारण मराठीत दुसरे रुळलेले रूप नाही.

तरीही इस्लामी श्रद्धेच्या मोजपट्टीने हा शब्द जरा अवघडतो. पैगंबर हे स्थळ नव्हे, आणि मेलेला माणूस कुठे पोचला याचा निर्णय अल्लाहच्या हाती असतो. माणसाने तो आधीच जाहीर करू नये, अशी शिकवण आहे. म्हणून चांगल्या उर्दू सांत्वनपत्रात ‘त्या स्वर्गात गेल्या’ असे विधान क्वचितच सापडते. सगळी क्रियापदे इच्छेची असतात : फरमाए, अता करे, नसीब करे. मराठीत ‘लाभो’, ‘देवो’, ‘मिळो’ ही ओकारान्त रूपे नेमके हेच काम करतात. त्यामुळे आपल्या शिक्षकाला हे व्याकरण नव्याने शिकावे लागत नाही. ‘झाल्या’ टाळून ‘होवो’ म्हणायचे, एवढेच.

येथे इतिहास थोडा मिस्कील होतो. सामान्य माणसाने करू नये ते विधान बादशहांच्या दरबारांनी बिनदिक्कत केले. मोगल बादशहा वारला की त्याचे नाव घेत नसत. त्याला मरणोत्तर पदवी मिळे आणि पुढे कागदोपत्री तीच चाले. बाबर झाला ‘फिरदौस-मकानी’, हुमायून ‘जन्नत-आशियानी’, अकबर ‘अर्श-आशियानी’, जहांगीर ‘जन्नत-मकानी’. मकान म्हणजे जागा, आशियाना म्हणजे घरटे. स्वर्गात ज्याचे घरटे आहे तो जन्नत-आशियानी. रचनेच्या दृष्टीने हा कैलासवासीचा सख्खा भाऊच. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ वारला आणि ‘खुल्द-मकान’ ठरला, म्हणजे शाश्वत स्वर्गात राहणारा. त्याला जिथे पुरले त्या रौजा नावाच्या गावाला यावरूनच खुलदाबाद म्हणू लागले. आज त्या गावाचे नाव घेणारा माणूस नकळत तीनशे वर्षांपूर्वीचे सांत्वन उच्चारतो.

वऱ्हाडशी ज्याचा अधिक संबंध तो पहिला निजाम, आसफजाह. १७२० मध्ये बाळापूरजवळ त्याने सय्यद बंधूंचा तरुण पुतण्या आलम अली खान याचा पराभव केला. आलम अली त्याच लढाईत पडला. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला, म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, मुबारिज खानाला मारून त्याने दख्खनची सत्ता पक्की केली. दोन्ही निर्णायक लढाया वऱ्हाडच्या मातीत झाल्या. १७४८ मध्ये तो वारला आणि त्यालाही खुलदाबादलाच पुरले. त्याची मरणोत्तर पदवी मात्र मोगलांहून वेगळी आहे : ‘मगफिरत-मआब’. मआब म्हणजे परतण्याचे ठिकाण, आणि मगफिरत म्हणजे क्षमा. त्याचा मुलगा निजाम अली खान ‘गुफरान-मआब’ झाला. गुफरान हेही क्षमेचेच दुसरे नाव. घरटे आणि सिंहासन सोडून क्षमा मागणारी ही घराण्याची भाषा मोगलांपेक्षा नम्र वाटते. तिच्यामागे सूफींचा प्रभाव होता की केवळ दरबारी शैलीचा बदल, हा वेगळा विषय आहे. एवढे खरे, की वऱ्हाडच्या या जुन्या मालकांच्या पदवीतला शब्दच आजही अकोल्याच्या गल्लीतल्या सांत्वनात सर्वांत आधी येतो.

मगफिरत ज्या ग-फ-र धातूवरून बनली त्याचा मूळ अर्थ झाकणे. शिरस्त्राणाखाली घालायच्या कड्यांच्या टोपीला अरबीत ‘मिगफर’ म्हणतात, कारण ती डोके झाकते. मगफिरत म्हणजे दोषांवर पांघरूण घालून त्यांच्यापासून वाचवणे. मराठी ‘शांती’ आणि ही क्षमा यांच्यात एक खरा फरक आहे. शांती मागणारा म्हणतो, जीव थकला होता, आता निवांत राहू दे. मगफिरत मागणारा म्हणतो, माणूस होता, चुकला असेल, तू झाकून घे. आपल्या शिक्षकाने ‘अल्लाह त्यांच्या आत्म्यास शांती देवो’ लिहिले असते तर कोणी रागावले नसते. ‘रूह को सुकून’ असे उर्दूतही म्हणतात. पण त्या घरात ज्या गोष्टीसाठी हात वर झालेले असतात ती मगफिरत होय, आणि ती मागितली की आपण त्यांच्याच रांगेत उभे राहतो.

सांत्वनाला उर्दूत ‘ताजियत’ म्हणतात. मोहरमला वऱ्हाडात निघणारा ताजिया मराठी माणसाने पाहिलेला असतो. शब्द तोच आहे. मूळ अरबी ‘तअज़िया’ म्हणजे दुसऱ्याला धीर धरायला लावणे. करबल्याच्या शोकाचे प्रतीक म्हणून जी वस्तू उभारली तिला ताजिया नाव पडले, आणि शेजाऱ्याच्या दारात बसून जे बोलायचे ते ताजियत राहिले. दु:खात असलेल्याला धीर द्यायचा, एवढाच या शब्दाचा मूळ हेतू.

अशा संदेशाचा नमुना इस्लामी परंपरेत फार जुना आहे, आणि योगायोगाने तो दूताकरवी पाठवलेला, आजच्या भाषेत मेसेजच आहे. बुखारींच्या हदीससंग्रहात ही घटना येते. पैगंबरांच्या मुलीचे मूल मरणासन्न होते; तिने वडिलांना बोलावणे पाठवले. त्यांनी उलट निरोप धाडला. आधी सलाम. मग आशय असा : जे त्याने घेतले ते त्याचे, जे दिले तेही त्याचे, प्रत्येकाची मुदत ठरलेली आहे, तिने धीर धरावा आणि त्या धीराचे फळ अल्लाहकडून मिळेल अशी आशा ठेवावी. निरोप संपला. पण मुलीने शपथ घालून पुन्हा बोलावले, तेव्हा ते उठून गेले. मूल त्यांच्या मांडीवर दिले, त्याचा श्वास लागला होता, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. सोबतच्या एकाने आश्चर्याने विचारले, हे काय? ते म्हणाले, ही करुणा आहे, अल्लाहने माणसांच्या हृदयात ठेवलेली.

या घटनेत सांत्वनाची सगळी रीत आली. संदेश छोटा, त्यात मृत्यूचे कारण विचारलेले नाही, मोठे स्पष्टीकरण नाही. धीराचा उपदेश आहे, पण रडण्याला मनाई नाही. आणि संदेश पुरला नाही तेव्हा माणूस स्वतः गेला.

आता शिक्षक लिहितो. तो देवनागरीत लिहितो, कारण त्याला उर्दू बोलता येते पण लिपी येत नाही. सहकारी दोन्ही वाचतो.

“मोहतरम सर, अस्सलामु अलैकुम. आपकी वालिदा मोहतरमा के इंतकाल की खबर सुनकर दिल को बहुत सदमा हुआ. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. अल्लाह तआला मरहूमा की मगफिरत फरमाए, उन्हें जन्नतुल फिरदौस में जगह अता फरमाए और आप सब घरवालों को सब्र-ए-जमील दे. आमीन. मैं और मेरे घरवाले आपके गम में शरीक हैं.”

आधी संबोधन. शाळेत वीस वर्षे ‘सर’ म्हटले, तेच ठेवले. अचानक ‘जनाब-ए-आली’ लिहिले असते तर ते ओळखीचे माणूस राहिले नसते. ‘आपकी अम्मी’ हेही चालते, जवळिकीचे आहे. लेखी संदेशात ‘वालिदा मोहतरमा’ अधिक सभ्य. ‘मौत’ हा शब्द टाळलेला आहे. ‘इंतकाल’ म्हणजे स्थलांतर, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे.

मग ते अरबी वाक्य. त्याचा अर्थ, आपण अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत. ते कुराणातून आलेले असून मुसलमान माणूस मृत्यूची बातमी ऐकताच ते उच्चारतो, आणि फक्त मृत्यूला नव्हे, कोणत्याही आपत्तीला, नुकसानीलाही. मराठी हिंदूने ते लिहावे का? लिहिले तर आदरच होतो, आणि वऱ्हाडात अनेकजण लिहितात. मात्र हे सांत्वनापेक्षा श्रद्धेचे विधान आहे, बोलणारा ‘आपण’ म्हणून स्वतःलाही त्यात धरतो. ज्याला ते आपल्या तोंडी कृत्रिम वाटेल त्याने गाळावे; पुढची दुआ एकटीही पुरेशी आहे. लिहायचे असेल तर नीट लिहावे. फोनवर फिरणारी अर्धवट, अक्षरे गळालेली रूपे जशीच्या तशी पुढे ढकलू नयेत. ‘राजिऊन’चा शेवट गमावला तर परतण्याचा अर्थच हरवतो.

सर्वाधिक चुका होतात त्या ‘मरहूम’मध्ये. आई, बहीण, पत्नी असेल तर ‘मरहूमा’. पूर्वी कोणाच्या वडिलांसाठी लिहिलेला संदेश उचलून आईसाठी पाठवला की चूक तिथेच उघडी पडते, आणि वाचणाऱ्याला कळते की हे आपल्यासाठी लिहिलेले नाही. दुसरी चूक उलट्या दिशेची, म्हणजे जास्त आदराची. दर्ग्यांवर संतांच्या नावापुढे ‘रहमतुल्लाह अलैह’ वाचलेले असते, ते हौसेने लावले जाते. त्याचा अर्थ काही वावगा नाही, अल्लाहची दया त्यांच्यावर असो इतकाच. पण उर्दूच्या वापरात ते सूफी आणि विद्वानांसाठी राखलेले आहे. ‘रज़ियल्लाहु अन्हु’ तर पैगंबरांच्या सहकाऱ्यांसाठीच. साध्या घरातील आईला ‘मरहूमा’ पुरेसे आणि पुरेपूर आहे.

‘सब्र-ए-जमील’ म्हणजे सुंदर धीर. हा शब्दप्रयोग कुराणातील याकूबच्या कथेतून आला. मुलगे यूसुफचा रक्ताने माखलेला सदरा घेऊन आले, तेव्हा बापाने आपला आधार म्हणून हा धीर सांगितला. माणसांपुढे तक्रार न करता धरलेला धीर तो सुंदर, असे भाष्यकार म्हणतात. पण हाच याकूब पुढे यूसुफसाठी रडून रडून दृष्टी गमावून बसतो. त्यामुळे सब्र-ए-जमील मागणारा माणूस ‘रडू नका’ असे म्हणत नसतो.

सहकाऱ्याचा धाकटा भाऊ आखातात असता आणि तिथल्या लोकांत वावरत असता, तर त्याला निखळ अरबी ओळही पाठवता आली असती : “अअ्ज़मल्लाहु अज्रकुम, व अहसन अज़ाअकुम, व गफर लि मय्यितिकुम.” अल्लाह तुमचे पुण्यफळ मोठे करो, तुम्हाला चांगला धीर देवो आणि तुमच्या मृताला क्षमा करो. शेवटच्या शब्दात ‘मय्यित’ आहे; सातबाऱ्यावरचा मयत तोच. इथे तो दफ्तरातून उठून पुन्हा प्रार्थनेत जाऊन बसलेला दिसतो. एका पुरुषाला लिहिताना शेवटी ‘क’, एका स्त्रीला ‘कि’ आणि घराला मिळून ‘कुम’. संशय असेल तर ‘कुम’ लिहावे, सगळे घर त्यात येते. पण अमरावतीच्या घरी ही ओळ पाठवण्याची गरज नाही. तिथे उर्दू अधिक जवळची.

वेळेचेही एक भान असते. ताजियत तीन दिवसांत करावी, असा फिक्हचा सर्वसाधारण संकेत आहे; दूर असलेल्याला किंवा उशिरा कळलेल्याला सूट. त्यानंतर पुन्हा पुन्हा दुःख उकरू नये, हा त्यामागचा विचार. विधवेचा काळ वेगळा, तिची इद्दत चार महिने दहा दिवसांची. तिसऱ्या दिवसाच्या विधीला दख्खनमध्ये ‘जियारत’ म्हणतात आणि पुढे चाळीसवा येतो. काही घरे हे विधी मानतात, काही मानत नाहीत. म्हणून संदेशात ‘चाळीसव्याला येतो’ असे आपण होऊन लिहू नये. शेजाऱ्यांनी त्या घरी शिजवलेले अन्न पाठवावे, ही मात्र सर्वांना मान्य असलेली रीत. पैगंबरांनी जाफरच्या मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांसाठी जेवण करायला सांगितले होते. वऱ्हाडातील हिंदू घरेही सुतकाच्या घरी शेजारून पिठले-भाकरी पाठवतात, तेव्हा कोणाला कोणाची रीत समजावून सांगावी लागत नाही.

उलट बाजूचाही प्रश्न आहे, आणि त्याबद्दल कमी बोलले जाते. याच शिक्षकाची आई गेली असती तर अमरावतीच्या सहकाऱ्याने काय लिहिले असते? उर्दूत अमुस्लिम मृतासाठी ‘मरहूम’ सहसा वापरत नाहीत, ‘आंजहानी’ म्हणतात. अनेक धर्मशास्त्रज्ञांच्या मते मगफिरतची दुआ आपल्या धर्मातील मृतापुरती असते. त्यामुळे तिथे संदेशाचा सगळा भार मागे राहिलेल्यांवर जातो : ‘पसमांदगान को सब्र दे.’ हे न कळणाऱ्या मराठी माणसाला वाटू शकते की माझ्या आईसाठी काही मागितलेच नाही. कित्येक जुने सहकारी ही अडचण मराठीत शिरून सोडवतात. पत्र उर्दू वळणाचे, पण आईच्या नावामागे न चुकता ‘कै.’. आणि ‘आंजहानी’तही तुटकपणा नाही. फार्सीत ‘आं जहान’ म्हणजे ते जग. आंजहानी म्हणजे त्या जगाची झालेली.